नव्या परदेशी खरेदीदाराला माल पाठवण्यापूर्वी: आधी मालाची तपासणी, मग नावाची

प्रश्न: आम्ही औद्योगिक व्हॉल्व्ह आणि पंप निर्यात करतो. परदेशातल्या एका नव्या ट्रेडिंग कंपनीने मोठी ऑर्डर दिली असून पूर्ण रक्कम आगाऊ द्यायची तयारी दाखवली आहे. आमचा माल लष्करी नाही आणि त्यांचे नाव निर्बंधांच्या यादीत सापडले नाही. एवढी तपासणी पुरेशी आहे का?

उत्तर:

नाही, पुरेशी नाही, शिवाय तिचा क्रमही उलटा लागला आहे. निर्यात नियंत्रणाची कागदपत्रे तपासणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. तिथे सर्वाधिक आढळणारा समज हाच, की खरेदीदाराचे नाव यादीत नसले म्हणजे मार्ग मोकळा झाला. प्रत्यक्षात परवाना लागतो की नाही, हे सर्वप्रथम मालावरून ठरते. खरेदीदार कितीही सचोटीचा असला, तरी नियंत्रित यादीतला माल परवान्याशिवाय पाठवणे हा गुन्हा ठरू शकतो.

तुमच्याच मालापासून सुरुवात करू. रासायनिक अस्त्रांच्या निर्मितीत अत्यंत क्षरणकारी द्रव हाताळावे लागतात आणि साधे पोलाद त्यांच्यापुढे टिकत नाही. त्यामुळे अशा द्रवांना दाद न देणारी उपकरणे औषधे किंवा कीटकनाशके बनवणाऱ्या कारखान्याला जितकी उपयोगी, तितकीच अस्त्रे बनवणाऱ्यालाही. इराण-इराक युद्धात रासायनिक अस्त्रे वापरली गेल्यावर १९८५ मध्ये ऑस्ट्रेलिया ग्रुप हा देशांचा गट स्थापन झाला. या गटाने ठरवलेले निकष आता अनेक देशांच्या कायद्यांत आहेत. युरोपीय संघाच्या आणि अमेरिकेच्या यादीत या उपकरणांची नोंद 2B350 या क्रमांकाखाली सापडते. इतर देशांत क्रमांक वेगळा असला, तरी तांत्रिक निकष बहुतांशी तेच आहेत.

या नोंदीनुसार व्हॉल्व्हचा नाममात्र व्यास १० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल आणि रसायनाशी थेट संपर्कात येणारे त्याचे सर्व पृष्ठभाग ठरावीक पदार्थांचे असतील, तर तो नियंत्रित ठरतो. ४० टक्क्यांहून अधिक निकेल असलेली मिश्रधातू, टायटॅनियम, टँटलम, झिर्कोनियम, काच आणि फ्लोरोपॉलिमर हे त्या पदार्थांपैकी काही. ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल साधारण १० ते १४ टक्के असते, म्हणून ते या निकषात बसत नाही. हॅस्टेलॉय सी-२७६ या मिश्रधातूत मात्र निकेल निम्म्याहून अधिक असते आणि ते थेट यादीत येते. व्यापारी सहसा फसतात ते फ्लोरोपॉलिमरवर. आतून पूर्णपणे पीटीएफई या फ्लोरोपॉलिमरचे अस्तर असलेला पोलादी व्हॉल्व्ह कॅटलॉगमध्ये अगदी सामान्य दिसतो, पण द्रवाला लागणारा पृष्ठभाग पीटीएफईचा असल्याने २५ मिलिमीटरचा असा व्हॉल्व्हही नियंत्रित असतो. याउलट केवळ गास्केट किंवा सील पीटीएफईचे असेल आणि ते बदलता येण्याजोगे असेल, तर तेवढ्यावरून व्हॉल्व्हचा दर्जा ठरत नाही. सीलविरहित आणि बहुसील पंपांसाठी प्रवाहाची मर्यादा ताशी ०.६ घनमीटर आहे, म्हणजे चुंबकीय जोडणीचा बऱ्यापैकी छोटा पंपही ती ओलांडतो.

सीमाशुल्काच्या एचएस कोडवरून यातले काहीच समजत नाही. नळाची तोटी आणि हॅस्टेलॉयचा बॉल व्हॉल्व्ह हे दोन्ही ८४८१ या एकाच शीर्षकाखाली जातात. त्यामुळे कारखान्याकडून प्रत्येक मॉडेलचे द्रव-संपर्क पदार्थांचे प्रमाणपत्र मागवून ते यादीतल्या शब्दांशी ताडून पाहावे लागते, आणि हे काम कस्टम एजंटवर सोडून चालत नाही.

माल कोणत्या दर्जाचा आहे हे निश्चित झाल्यावर ऑर्डरची हकिकत तपासायची. माझ्यापुढे आलेले एक प्रकरण, ओळख पटणार नाही अशा बेताने, सांगतो. मुक्त व्यापार क्षेत्रातल्या, नुकत्याच नोंदणी झालेल्या एका ट्रेडिंग कंपनीने ५० मिलिमीटरचे ६० बॉल व्हॉल्व्ह आणि ४ चुंबकीय जोडणीचे पंप मागवले होते. सगळे हॅस्टेलॉय सी-२७६ चे हवे होते. अंतिम वापराच्या प्रमाणपत्रात ‘पिण्याच्या पाण्याचा शुद्धीकरण प्रकल्प’ एवढेच लिहिले होते. नाव यादीत नव्हते, पैसे आगाऊ मिळणार होते, आणि विक्री विभाग साहजिकच खुशीत होता.

त्या कागदावरची धातू आणि वापर यांचा मेळ बसत नव्हता. पाण्याच्या प्रकल्पात क्लोरीनची मात्रा देणाऱ्या यंत्रणेच्या लहानसहान भागांत हे मिश्रधातू आढळते, तेव्हा ‘पाण्याला हॅस्टेलॉय कशाला?’ असे सरसकट म्हणणे चूक ठरले असते. परंतु ५० मिलिमीटरचे ६० व्हॉल्व्ह म्हणजे मात्रा देणारी यंत्रणा नव्हे, ती मुख्य प्रक्रियेची जोडणी झाली. म्हणून आम्ही खऱ्या ग्राहकाला सहज देता येतील असेच प्रश्न विचारले: द्रव कोणता, त्याची तीव्रता, तापमान आणि दाब किती, प्रकल्पाच्या आराखड्यात या व्हॉल्व्हचे टॅग क्रमांक कोणते, आणि चालू करून देण्यासाठी आमचा अभियंता कोणत्या पत्त्यावर पाठवायचा. उत्तर आले की ग्राहकाची माहिती गोपनीय आहे आणि उभारणीची सेवा नको. मग विक्री विभागाने कितीतरी स्वस्त असा ३१६ स्टेनलेस स्टीलचा पर्याय सुचवला. पाण्यासाठी खरेदी करणारा माणूस निदान त्याचा विचार करतो. या खरेदीदाराने कोणतेही कारण न देता तो फेटाळला आणि उलट बिलावर मालाचे वर्णन फक्त ‘पाइप फिटिंग’ असे लिहायची विनंती केली. बिल ऑफ लेडिंगवर अंतिम प्राप्तकर्ता म्हणून एका माल वाहतूक एजंटचे नाव घालायला सांगितले होते.

यातली एखादीच गोष्ट दिसली असती, तर तिचे साधे स्पष्टीकरण असू शकले असते. मध्यस्थ आपला ग्राहक लपवतो ते बहुधा विक्रेता त्या ग्राहकाला परस्पर विक्री करेल या भीतीने, आणि ही भीती व्यापारात स्वाभाविक आहे. त्यावर उपाय असा, की अंतिम वापरकर्त्याने आपले प्रमाणपत्र परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे परस्पर पाठवावे, विक्रेत्याला ते पाहण्याची गरज नाही. आम्ही ही सोय देऊ केल्यावर पत्रव्यवहारच थांबला. ऑर्डर रद्द केली आणि सर्व पत्रव्यवहार जपून ठेवला.

प्रमाणाची विसंगती किती बोलकी असते, हे २००३ मधल्या एका गाजलेल्या प्रकरणात दिसले. दक्षिण आफ्रिकेतल्या एका मध्यस्थाने अमेरिकी कारखान्याकडून ट्रिगर्ड स्पार्क गॅप नावाचे २०० अतिजलद विद्युत स्विच मागवले आणि ते एका रुग्णालयासाठी असल्याचे भासवले. मूतखडे फोडणाऱ्या यंत्रात हा सुटा भाग खरोखरच लागतो, पण एखाद्या रुग्णालयाला तो मोजकाच पुरतो, आणि अण्वस्त्राच्या स्फोटयंत्रणेतही तो वापरता येतो. माल पाकिस्तानकडे वळवला जात होता. वापर पटण्यासारखा होता, आकडा मात्र पटण्यासारखा नव्हता.

आता नावाची तपासणी. ती संयुक्त राष्ट्रे, युरोपीय संघ, ब्रिटन, अमेरिका आणि स्वतःच्या देशाच्या याद्यांत करावी, आणि ती फक्त खरेदीदारापुरती ठेवू नये. संचालक, मालक, माल घेणारा, वाहतूक एजंट, जहाज आणि बँक या सगळ्यांची नावे घालून पाहावीत. अरबी, रशियन किंवा चिनी नाव रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिले जाते, म्हणून स्पेलिंग बदलून आणि पत्त्यावरूनही शोधावे. अमेरिकेने २०२४ मध्ये एन्टिटी लिस्ट या आपल्या निर्यात-निर्बंधांच्या यादीत नुसते काही पत्तेच घातले, कारण एकाच पत्त्यावर नवनव्या नावांच्या कंपन्या उभ्या राहत होत्या. मालकी तर हमखास नजरेतून सुटते. अमेरिकी वित्त खात्याच्या नियमानुसार यादीतल्या व्यक्तींची एकत्रित मालकी ५० टक्के किंवा अधिक असेल, तर ती कंपनी स्वतः यादीत नसली तरी गोठवलेली समजली जाते. यादीतल्या एका भागीदाराकडे ३० आणि यादीतल्याच दुसऱ्याकडे २५ टक्के असतील, तर दोघांपैकी कोणीही एकटा निम्म्याचा मालक नसूनही हा नियम लागू होतो. म्हणून भागधारकांचा तक्ता मागवावाच लागतो.

अमेरिकेशी आपला संबंध नाही असे गृहीत धरू नका. डॉलरमधली रक्कम बहुधा अमेरिकी बँकेतून जाते, आणि तुमच्या पंपात अमेरिकी बनावटीच्या नियंत्रित घटकांचे मूल्य ठरावीक मर्यादेबाहेर असेल, तर दुसऱ्या देशातून होणाऱ्या निर्यातीलाही त्यांचे नियम लागू होतात. ही मर्यादा सर्वसाधारणपणे २५ टक्के, तर काही देशांसाठी १० टक्के आहे.

समजा तुमचे सगळे व्हॉल्व्ह ३१६ चेच निघाले आणि यादीबाहेर राहिले, तरी एक अट उरतेच. तो माल सामूहिक संहाराच्या अस्त्रांसाठी जाऊ शकतो असे सरकारने कळवले, तर यादीबाहेरच्या मालालाही परवाना लागतो; आणि तसे तुम्हालाच माहीत असेल, तर ते सरकारला कळवावे लागते व परवान्याचा निर्णय सरकार घेते. युरोपीय संघाच्या २०२१ च्या विनियमात हे कलम ४ मध्ये आहे आणि व्यवहारात त्याला कॅच-ऑल म्हणतात. ‘मी विचारलेच नाही, म्हणून मला माहीत नव्हते’ हा बचाव इथे उपयोगी पडत नाही. समोर आलेल्या शंकेकडे मुद्दाम डोळेझाक करणे म्हणजेच माहीत असणे, अशी अमेरिकी नियमांची स्पष्ट भूमिका आहे.

तुमच्या प्रकरणात मला सर्वाधिक खटकते ती आगाऊ रक्कम. नव्या खरेदीदाराने पूर्ण पैसे आधी देणे गुन्हा नाही, पण त्यासाठी त्याने सवलत मागितली का, हे पाहा. भाव न करता, वॉरंटीबद्दल न विचारता आणि तिसऱ्याच देशातल्या, तिसऱ्याच नावाच्या खात्यातून पैसे येणार असतील, तर तपासणी पूर्ण होईपर्यंत ते स्वीकारूच नका. रक्कम खात्यात येऊन गेल्यावर खरेदीदार यादीतला निघाला, तर घाईघाईने ती परत पाठवू नका. अनेक देशांच्या निर्बंध कायद्यांत असा पैसा गोठवून ठेवावा लागतो आणि परतफेड हेच उल्लंघन ठरते. अशा वेळी आधी आपल्या बँकेच्या अनुपालन विभागाला आणि संबंधित सरकारी यंत्रणेला लेखी कळवावे, आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत ना माल हलवावा, ना पैसा.