संमती आणि सिद्धतेचा भार: एका तरुण वकिलास पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

बलात्काराच्या खटल्यांत संमती होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरसकट आरोपीवर टाकावी, असे तू पत्रात आणि सोबत पाठवलेल्या निबंधात लिहिले आहेस. त्यामागचा तुझा संताप मला कळतो आणि तो रास्तही आहे. पण हे मत पक्के करण्यापूर्वी ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा सर्वोच्च न्यायालयाचा 1978 चा निकाल मुळातून वाच, कारण संमतीची व्याख्या आणि सिद्धतेचा भार हे दोन प्रश्न एकमेकांत किती गुंतलेले आहेत, हे त्या निकालाइतके स्वच्छ क्वचितच कुठे दिसते.

घटना 26 मार्च 1972 च्या रात्रीची, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यातली. आईवडील नसलेली एक आदिवासी मजूर मुलगी भावाच्या तक्रारीच्या संदर्भात जबाब देण्यासाठी तिथे आली होती. काम संपल्यावर बाकीच्यांना बाहेर जायला सांगण्यात आले आणि तिला आत थांबवून घेतले गेले. पुढे ठाण्याच्या आवारात एका शिपायाने आपल्यावर बलात्कार केला आणि दुसऱ्याने विनयभंग केला, असे तिने सांगितले. 1974 मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सोडून दिले. 1976 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. भीतीपोटी असहायपणे शरीर स्वाधीन करणे म्हणजे संमती नव्हे, हा त्या निकालाचा गाभा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही. आणि ज्या भीतीमुळे संमती निरर्थक ठरते ती मृत्यूची किंवा इजेची भीती असावी लागते, तशी भीती अभियोग पक्षाने सिद्ध केलेली नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

इथे काय घडले ते नीट पाहा. गुन्ह्याचा प्रत्येक घटक अभियोग पक्षाने सिद्ध करायचा, हे तत्त्व न्यायालयाने योग्यच मानले होते. अडचण अशी की त्या वेळच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 375 मध्ये ‘संमतीवाचून’ असे शब्द होते, पण संमती म्हणजे काय हे सांगितलेले नव्हते. कलम 90 एवढेच सांगत होते की भीतीने किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमती नव्हे. व्याख्या नसली की मधल्या जागेत न्यायाधीशाचे स्वतःचे अनुमान शिरते. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात अडकलेली मुलगी गप्प राहिली, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ उच्च न्यायालयाने एक लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने नेमका उलटा लावला. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, म्हणून मौनाचा फायदाही त्यालाच मिळाला. सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात नेमके याच ठिकाणी बोट ठेवले होते: शरण जाणे आणि संमती देणे यांतला फरक न्यायालयाने पुसून टाकला.

त्या पत्रानंतर देशभर आंदोलन झाले, आणि संसदेने 1983 मध्ये पुरावा अधिनियमात कलम 114-अ घातले. आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 120 म्हणून आले आहे. तुझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या कलमाच्या रचनेत आहे. ते वाचताना तीन अटी वेगवेगळ्या कर. पहिली, आरोप गंभीर प्रकारच्या बलात्काराचा असला पाहिजे. 1983 मध्ये त्यात मुख्यतः पोलीस, लोकसेवक, तुरुंग व रुग्णालयाचे कर्मचारी आणि सामूहिक बलात्कार यांचा समावेश होता. 2013 नंतर नातेवाईक, पालक आणि स्त्रीवर अधिकार वा वर्चस्व असलेली व्यक्ती अशी ती यादी बरीच वाढली. दुसरी, शरीरसंबंध झाला हे अभियोग पक्षाने स्वतंत्रपणे सिद्ध केले पाहिजे. तिसरी, संमती नव्हती असे त्या स्त्रीने न्यायालयापुढच्या साक्षीत सांगितले पाहिजे. तिन्ही पुऱ्या झाल्या की न्यायालयाने संमती नव्हती असे गृहीत धरायचे असते, आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीवर येते. त्याला संशयापलीकडे काही सिद्ध करावे लागत नाही. आपले म्हणणे अधिक संभवनीय आहे एवढे दाखवले तरी पुरते.

आता प्रत्यक्ष खटल्यात हे कुठे अडते, ते सांगतो. आरोपीने ‘असे काही घडलेच नाही’ असा बचाव घेतला आणि वैद्यकीय पुरावा उशिरामुळे दुबळा असला, तर दुसरी अटच लटकी पडते आणि हे कलम जवळ असून उपयोगाचे राहत नाही. साक्षीच्या वेळी दबावाखाली ती फिरली, तर तिसरी अट जाते. देसाईगंजच्या खटल्यात हे कलम असते, तर शरीरसंबंध सिद्ध झालेला, जागा पोलीस ठाणे, आणि तिचे स्पष्ट कथन, अशा तिन्ही गोष्टी त्या शिपायाविरुद्ध उभ्या होत्या. जखमा नसण्यावर निकाल टिकला नसता.

याहून खोल बदल मात्र 2013 च्या दुरुस्तीने झाला, असे माझे मत आहे. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये असलेली व्याख्या सांगते की संमती म्हणजे निःसंदिग्ध आणि स्वेच्छेने दिलेला होकार. शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य प्रकारे स्त्रीने त्या विशिष्ट कृत्याची तयारी व्यक्त केलेली असली पाहिजे. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हेही तिथेच लिहिले आहे. भार अजूनही अभियोग पक्षावरच आहे, पण सिद्ध करायची गोष्ट बदलली. ‘तिने विरोध का केला नाही’ या प्रश्नाची जागा ‘तिने तयारी कशाने दर्शवली’ या प्रश्नाने घेतली. तिच्या पूर्वायुष्याच्या आधारे संमतीचा निष्कर्ष काढणेही आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम 48 मुळे बंद आहे.

तरीही वाद मिटलेला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2017 मध्ये एका परिचित दिग्दर्शकाला निर्दोष सोडताना असे म्हटले की स्त्रीचा क्षीण नकार आरोपीपर्यंत पोहोचला होता का, याविषयी संशय राहतो. म्हणजे तिच्या मनात संमती नव्हती हे मान्य केले, तरी त्याला ते कळले होते का, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते त्या निकालाने व्याख्येतील ‘निःसंदिग्ध’ या शब्दाला पुरेसे वजन दिले नाही; होकार निःसंदिग्ध हवा असेल, तर नकार क्षीण असण्याने आरोपीचे काम सोपे होता कामा नये.

मग सगळ्याच खटल्यांत भार उलटा का करू नये? कारण किमान 10 वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात, बंद खोलीत दोघांतच घडलेल्या गोष्टीबद्दल, केवळ शरीरसंबंध आणि कथन यांवर दोष गृहीत धरला, तर शपथेवर खोटे बोलणाऱ्यापुढे निरपराध माणसापाशी स्वतःच्या शब्दाखेरीज काही उरत नाही. जिथे अधिकार आणि असहायता यांतली दरी आधीच सिद्ध आहे तिथे गृहीत धरणे न्याय्य आहे, कारण त्या दरीतच भीती गृहीत असते; दोन समान प्रौढांच्या बाबतीत तो आधार नसतो. तिथे पीडितेची एकटीची विश्वासार्ह साक्षही पुरेशी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये नागपूरच्याच एका पोलीस उपनिरीक्षकाच्या खटल्यात सांगितले आहे, आणि त्या साक्षीची नीट सरतपासणी घेणे हे सरकारी वकिलाचे काम आहे.

तुझ्या निबंधात एक उणीव मात्र दिसली. पत्नी 18 वर्षांखालची नसल्यास पतीला वगळणारा अपवाद कलम 63 मध्ये अजून आहे. म्हणजे ज्या संमतीची व्याख्या इतक्या काळजीने केली, ती घराच्या आत लागूच होत नाही. भाराच्या चर्चेआधी त्यावर लिही, आणि नवा मसुदा मला पाठव.

तुझे शिक्षक