मतदारसंघ, उमेदवारी अर्ज, जाहीरनामा, पोटनिवडणूक: कशाला काय म्हणतात?

प्रश्न: पहिल्यांदाच मत देणार आहे. बातम्यांतले हे चार शब्द एकदा नीट समजावून सांगाल का?

उत्तर: मतदारसंघ म्हणजे जिथले मतदार मिळून एक प्रतिनिधी निवडतात तो ठरवलेला भाग, आणि ती जागा मुदतीआधी रिकामी झाली की तेवढ्याच भागात होते ती पोटनिवडणूक. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत राहुल गांधी वायनाड आणि रायबरेली दोन्हीकडून जिंकले. खासदारकी एकाच जागेची ठेवता येते, म्हणून त्यांनी वायनाड सोडलं आणि नोव्हेंबरमध्ये तिथे पुन्हा मतदान झालं. मत फक्त वायनाडच्या मतदारांनी दिलं. अशी जागा साधारण सहा महिन्यांत भरावी लागते. मात्र मुदत एक वर्षाहून कमी उरली असेल तर पोटनिवडणूक घ्यावीच लागते असं नाही.

उमेदवारी अर्ज भरला म्हणजे माणूस उमेदवार ठरला, असं समजू नका. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि ते सगळे त्याच मतदारसंघाच्या मतदारयादीतले हवेत. छाननीत बरेच अर्ज इथेच बाद होतात. त्यानंतर माघारीची मुदत संपली की उरलेली नावंच मतदान यंत्रावर येतात. त्यामुळे यादी बघायची तर माघारीनंतरची बघा.

जाहीरनामा म्हणजे पक्षाने निवडून आल्यावर काय करू याची छापलेली आश्वासनं. ती पाळली नाहीत म्हणून निवडणूक रद्द होत नाही.