पंख्याच्या कागदावरचा आकडा आणि पेटीतला दाब

प्रश्न: "एका पेटीच्या एका बाजूला पंखा आहे, दुसऱ्या बाजूला हवा बाहेर जायला फटी आहेत. यातून हवा कशी वाहते याचं साधं सिम्युलेशन कसं उभं करायचं? आणि प्रेशर-व्हेलॉसिटीचे रंगीत प्लॉट आले की त्यातून नक्की काय वाचायचं?"

रंग सगळ्यात शेवटी बघा. आधी रंगपट्टीच्या दोन टोकांना लिहिलेले आकडे वाचा आणि विचारा, एवढा दाब हा पंखा देऊ तरी शकतो का? हा एक प्रश्न न विचारल्यामुळे मी एक अख्खं डिझाइन वाया जाताना पाहिलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमची पेटी तुमच्यासारखीच होती. आत साधारण 500 वॉट उष्णता, 120 मिलिमीटरचा एक पंखा बाहेरची हवा आत ढकलणारा, समोरच्या पत्र्यावर फटी. पंख्याच्या डेटाशीटवर दोन ठळक आकडे असतात: प्रवाह सेकंदाला 50 लिटर आणि दाब 60 पास्कल. हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. 50 लिटर मिळतात ते पंखा मोकळ्या हवेत, पुढेमागे काही नसताना. 60 पास्कल मिळतात ते तोंड पूर्ण बंद करून, म्हणजे प्रवाह शून्य असताना. पेटीत बसवलेला पंखा या दोघांच्या मध्ये कुठेतरी चालतो. कुठे, ते फटी ठरवतात.

आमच्या वरिष्ठांनी काय केलं? इनलेटवर सेकंदाला 50 लिटर असा ठरीव प्रवाह देऊन टाकला. सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम, बिचारा आज्ञाधारक. सांगितलेला प्रवाह तो फटींमधून बाहेर काढणारच, मग त्यासाठी आत कितीही दाब लागो. उत्तर सुरेख कन्व्हर्ज झालं, बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान सरासरी 8 अंशांनी वाढेल असं निघालं आणि मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. मी रंगपट्टीकडे बोट दाखवलं. पेटीतला दाब 108 पास्कल होता. जो पंखा तोंड दाबून धरलं तरी 60 च्या वर जात नाही, तो 108 कुठून आणणार? यावर उत्तर मिळालं, "डेटाशीटवर 50 लिटर लिहिलंय ना? मग झालं तर."

हा हिशोब कागदावरही होतो आणि सिम्युलेशन उघडायच्या आधी तो करायलाच हवा. फटींचं खरं मोकळं क्षेत्रफळ 0.006 चौरस मीटर होतं. पत्र्यावरचा फटींचा चौकोन याच्या अडीचपट मोठा दिसत होता, पण हवेला उपयोग फक्त मोकळ्या जागेचा. त्यातून 50 लिटर जायचे तर सरासरी वेग सेकंदाला 8.3 मीटर. मात्र पातळ पत्र्याच्या धारदार कडेवरून वळताना प्रवाह आणखी आकसतो आणि भोकाच्या साधारण 62 टक्के जागेतूनच जातो. म्हणजे झोताचा खरा वेग 13.4 मीटर. हवेची घनता 1.2 धरली तर आतला दाब म्हणजे 0.6 गुणिले झोताच्या वेगाचा वर्ग. 108 पास्कल आले ते असे. म्हणजे सॉल्व्हरचं गणित चोख होतं, त्याला घातलेला प्रश्नच चुकीचा होता.

दाब प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, आणि पंख्याची क्षमता प्रवाह वाढेल तशी घटते. दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढा. आमच्या बाबतीत त्या 26 लिटर आणि 29 पास्कलच्या जवळ एकमेकींना छेदत होत्या. कागदावरच्या आकड्याच्या जेमतेम निम्मा प्रवाह, म्हणजे तापमानवाढ 8 नाही तर 16 अंश.

वाद मिटेना, तेव्हा मी पेटीच्या बाजूला, पंख्याच्या झोतापासून दूर, एक बारीक भोक पाडलं. त्यात पारदर्शक नळी बसवली, नळीत रंगीत पाणी भरलं आणि नळीचा मोठा भाग जवळजवळ आडवा, दहास एक उतारावर ठेवला. सरळ उभ्या नळीत 29 पास्कल म्हणजे फक्त 3 मिलिमीटर पाणी, ते डोळ्यांनी नीट वाचताही येत नाही. उतारावर तेच पाणी 3 सेंटीमीटर सरकतं. वरिष्ठांचं सिम्युलेशन खरं असतं तर ते 11 सेंटीमीटर सरकायला हवं होतं. सरकलं तीनच्या आसपास. "नळी गळत असेल," असं म्हणून ते निघून गेले.

असो. तुमच्या प्रश्नाकडे येतो.

भूमिती साधी ठेवा. स्क्रू, गोलाई, वायरी काढून टाका आणि मोठे भाग सरळ ठोकळे म्हणून ठेवा. पंख्याला ठरीव प्रवाह न देता त्याची दाब-प्रवाह वक्ररेषा द्या. OpenFOAM वापरत असाल तर fanPressure ही बाउंड्री कंडिशन त्यासाठीच आहे, इतर पॅकेजांतही फॅन कर्व्हची सोय असतेच. आउटलेटचा शून्य दाब थेट फटींच्या तोंडावर लावू नका. झोत आकसतो तो फटीच्या बाहेर आल्यावर, त्यामुळे बाहेरची थोडी मोकळी हवाही डोमेनमध्ये घ्या आणि शून्य दाब तिच्या टोकाला लावा. नाहीतर फटींवरची दाबाची घट बरीच कमी येते आणि पंखा कागदावर खूश दिसतो. फटी मॉडेलमध्ये प्रत्यक्ष रेखाटणार असाल तर प्रत्येक फटीच्या रुंदीत मेशचे, म्हणजे गणितासाठी हवेचे तुकडे पाडणाऱ्या जाळीचे, निदान आठ-दहा सेल असू द्या. तेवढं परवडत नसेल तर फटींच्या जागी एकच सपाट पृष्ठभाग ठेवून त्याला रोध गुणांक द्या. दोन्ही एकत्र करू नका, रोध दोनदा मोजला जातो.

रेसिड्युअल, म्हणजे समीकरणांत उरलेली तफावत दाखवणारे आकडे, खाली गेले म्हणून थांबू नका. पेटीतला सरासरी दाब आणि फटींतून जाणारा एकूण प्रवाह, हे दोन आकडे इटरेशनगणिक काढत राहा आणि ते स्थिरावले की थांबा. मग मेश बारीक करून पुन्हा चालवा. दाब लक्षात येण्याइतका हलला तर पहिल्या मेशचे सगळे प्लॉट बाजूला ठेवा.

आता प्लॉट. OpenFOAM मधला simpleFoam हा सॉल्व्हर वापरलात तर त्यातला p हा घनतेने भागलेला दाब असतो, पास्कल नव्हे. स्क्रीनवर 24 दिसले तर ते 29 पास्कल. हे विसरून लोक पंख्याला दोष देतात. बाकी दाब बाहेरच्या हवेच्या तुलनेत वाचायचा, बाहेर शून्य.

पेटीच्या मोकळ्या पोटात दाब जवळपास सगळीकडे सारखाच असतो. खरी घट फटींवर होते, पत्र्याच्या जाडीएवढ्या अंतरात. सॉफ्टवेअर मात्र रंगपट्टी आपोआप ताणतं, आणि तुम्ही फक्त आतला भाग दाखवला तर एक-दोन पास्कलचा फरकही लाल-निळा होऊन अंगावर येतो. पट्टी हातानं शून्यापासून पंख्याच्या कमाल दाबापर्यंत बांधा, म्हणजे खोटं नाट्य निघून जाईल. पंख्यासमोरच्या ठोकळ्यावर तरीही एक गडद डाग उरेल. तिथे झोत आपटून थांबतो, इतकाच त्याचा अर्थ. आमच्या पंख्याचा झोत सेकंदाला 3 मीटर, म्हणजे तो डाग आजूबाजूपेक्षा सुमारे 5 पास्कलनं वर. तिथे हवा "अडकलेली" नसते आणि लाल म्हणजे गरमही नव्हे. आमच्याकडे हा डाग बघून त्या ठोकळ्याला भोकं पाडायची सूचना आली होती, यावरून कल्पना करा.

व्हेलॉसिटीच्या प्लॉटमध्ये फटींबाहेरच्या झोताचा कमाल वेग घ्या, वर्ग करा, 0.6 नं गुणा आणि आतल्या दाबाशी ताडून बघा. फटी मॉडेलमध्ये प्रत्यक्ष रेखाटल्या असतील तर दोन्ही आकडे जवळ यायलाच हवेत. नाही आले तर बहुधा फटींतली मेश जाडी आहे. स्ट्रीमलाइनवर, म्हणजे हवेची वाट दाखवणाऱ्या रेषांवर, मात्र फार विसंबू नका. त्या पंख्यापासून सोडल्या की पंख्याची हवा जिथे जाते तेवढंच दाखवतात, आणि जिथे हवा घुटमळते तो कोपरा चित्रात रिकामा राहतो. बघणाऱ्याला वाटतं तिथे काही अडचणच नाही. ज्या भागाची काळजी आहे त्याच्याभोवतून त्या सोडा आणि हवा कुठून येते हे मागे जाऊन बघा.

माझी रेषांची आकडेमोड पंख्याची वक्ररेषा सरळ धरून केली आहे, हे सांगायला हवं. खऱ्या अ‍ॅक्सिअल पंख्याच्या रेषेत मध्ये एक खळगा असतो, आणि तुमचा छेदबिंदू तिथे पडला तर पंखा आवाज करतो, प्रवाह हेलकावतो आणि स्थिर सिम्युलेशनवर भरवसा ठेवता येत नाही. फिल्टर असेल तर त्याची घट वेगळी मिळवा, तीही धूळ बसल्यावरची. पंख्यातून येणारी हवा गरगरत येते, ती फिरकी मी धरलेली नाही. आणि 16 अंश ही बाहेर पडणाऱ्या हवेची सरासरी वाढ आहे. एखादा भाग आडोशाला असेल तर तो याहून बराच तापेल.

शेवटी आमच्याकडे ठरलं काय, तर दुसरा पंखा लावायचा. त्याच फटी ठेवून दोन पंखे शेजारी लावले तर प्रवाह 26 वरून 31 लिटरवर जातो आणि तापमानवाढ 13 अंशांवर येते. पंखा एकच ठेवून फटींचं मोकळं क्षेत्रफळ दुप्पट केलं असतं तर 37 लिटर मिळाले असते आणि वाढ 11 अंश, तेही आवाज न वाढवता. हा कागद मी तेव्हाही टेबलावर ठेवला होता. पंखा दुसराच लागला.