रिटेनर तीन वर्षांचा असेल तर हे दोन क्लॉज आधी बघ

अरे सही करायच्या आधी थांब जरा. तुझ्या ड्राफ्टमध्ये लिहिलंय की दरवर्षी रेटवर 'परस्पर चर्चेने' विचार होईल, आता ह्याचा अर्थ काहीच नाही, समोरचा चर्चा करेल आणि नाही म्हणेल, झालं. माझं हेच झालं होतं, दोन वर्षं त्याच रेटवर काम केलं. त्यापेक्षा सरळ लिही की दर १२ महिन्यांनी फी चालू फीवर ६ टक्के आपोआप वाढेल, वेगळी मंजुरी लागणार नाही. 'चालू फीवर' हे शब्द महत्त्वाचे आहेत बरं का, म्हणजे १०० चे १०६ आणि मग ११२.३६ होतात, मूळ फीवर धरलं तर ११२ वरच अडकतं. फरक छोटा वाटतो पण करार लांबला की वाढत जातो. आणि महागाई ६ च्या वर गेली तर? म्हणून 'महागाई निर्देशांकातली वार्षिक टक्केवारी वाढ किंवा ६ टक्के, जे जास्त असेल ते' असं माग, क्लायंट वरची मर्यादा मागेल, ती दे.

दुसरं, पेमेंटचे ३० दिवस इन्व्हॉइसच्या तारखेपासून मोजायचे, 'अप्रूव्हलनंतर' असं असेल तर अप्रूव्हलच लटकतं आणि घड्याळ सुरूच होत नाही. उशिरावर महिना दीड टक्का व्याज टाक, पण खरं सांगू, व्याज मागायला कोणी जात नाही, काम करतं ते 'ड्यू डेटनंतर १५ दिवसांत पैसे नाही आले तर काम थांबेल आणि डेडलाइन तेवढी पुढे जाईल' हे वाक्य. शेवटचा तुकडा विसरू नको, नाहीतर उशीर तुझ्याच डोक्यावर.