शेपटीचा रंग पाहून साल सांगणाऱ्यांनो, आधी लाल पाटी बघा

प्रश्न: घरातल्या जुन्या अल्बममध्ये विमानाच्या खिडकीतून काढलेले फोटो आहेत. त्यावरून विमानतळ कोणता आणि साल कोणतं हे ओळखता येईल का? शेपटीचा रंग पुरेसा असतो का?

येतं ओळखता, पण रंग पुरेसा नसतो. एवढं लिहून थांबणार होतो, पण नेमक्या याच विषयावरून आमच्या घरात गेली काही वर्षं दोन पक्ष पडले आहेत, त्यामुळे सगळंच सांगतो.

मी मुंबईच्या विमानतळावर एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या पटांगणावर, सतरा वर्षं काढली. सामान चढवणं-उतरवणं, चाकांना अडसर म्हणून चोक लावणं, विमान मागे ढकलताना टगच्या बाजूने चालणं, असली कामं. माझ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, याला 'हमाली' म्हणतात. तर भाच्याच्या मुलीच्या बारशाला दाजींनी अल्बम काढला आणि एक फोटो सगळ्यांना फिरवून दाखवला. "हा बघा, अठ्ठ्याण्णव साल. गोव्याच्या दाबोळीहून येताना. या घरातून विमानात बसलेला पहिला माणूस मी." पुरावा काय, तर कोपऱ्यात केशरी अक्षरांत छापलेली तारीख: ९८ १ १.

आई समोरच बसली होती. घरातून पहिली ती गेली होती, २००४ च्या फेब्रुवारीत, माझ्याबरोबर मुंबईहून दिल्लीला. ते लाल कार्बनचं तिकीट अजून कपाटात आहे. ती काही बोलली नाही. मी फोटो हातात घेतला आणि दिव्याखाली गेलो.

फोटोत खिडकीची कड, बाहेर टॅक्सीवे, म्हणजे विमानांचा धावपट्टीकडे जायचा रस्ता, पलीकडे आडवी धावपट्टी. उजवीकडे रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानाची केशरी शेपटी, आणि तिच्यावर अर्धवट निळं चक्र. दाजी म्हणाले, "इंडियन एअरलाइन्स, दुसरं काय!" तिथेच ते फसले. जुन्या इंडियन एअरलाइन्सची शेपटीही केशरीच होती, पण तिच्यावर पांढरं गोल बोधचिन्ह असायचं. कोणार्कच्या सूर्यमंदिरावरून घेतलेलं हे चक्र आलं डिसेंबर २००५ मध्ये, कंपनीने नाव नुसतं 'इंडियन' केलं तेव्हा. म्हणजे १९९८ साली हे चक्र कुणाच्याही फोटोत येणं शक्यच नाही. आणि १ जानेवारी ही तारीख दिसली की मला तरी आधी कॅमेऱ्याचा सेल आठवतो. सेल काढून घातला की घड्याळ परत मूळ तारखेवर जातं आणि ती बदलायचे कष्ट कोणी घेत नाही.

रंग तुम्हाला फक्त एका बाजूची भिंत देतो: फोटो याच्या आधीचा नाही. याच्या नंतरचा किती, ते तो सांगत नाही. २००७ मध्ये कंपनी एअर इंडियात विलीन झाली, तरी चक्राची विमानं लगेच नाहीशी झाली नाहीत. अख्खं विमान रंगवायला ते हँगरमध्ये उभं करावं लागतं, आणि उभं विमान म्हणजे बुडालेली कमाई. म्हणून मोठ्या देखभालीची वेळ येईपर्यंत जुना रंग तसाच उडत राहतो.

आता विमानतळ. खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात, गवताच्या कडेला, तिरकी दिसणारी एक लाल पाटी होती. लालवर पांढरे आकडे: १४-३२. एप्रनवरच्या माणसाला लाल पाटी म्हणजे 'परवानगीशिवाय पुढे जाऊ नको, समोर धावपट्टी आहे'. काळ्यावर पिवळं अक्षर म्हणजे तुम्ही आत्ता कुठल्या टॅक्सीवेवर आहात ते, आणि पिवळ्यावर काळं म्हणजे कुठे वळायचं ते. ती दोन्ही ओळखीसाठी फारशी कामाची नाहीत, कारण ए-बी-सी सगळीकडेच असतात. लाल पाटीवरचे आकडे मात्र धावपट्टीची दिशा सांगतात. १४ म्हणजे होकायंत्रावर साधारण १४० अंश, ३२ म्हणजे त्याच पट्टीचं उलटं टोक. दाबोळीची पट्टी ०८-२६ आहे. विषय संपला.

पण १४-३२ मुंबईतही आहे आणि नागपूरलाही. इथे पाटीवरचा आकड्यांचा क्रम बघायचा, जो कोणीच बघत नाही. आकडे वाटेल तसे लिहीत नाहीत. पाटीसमोर उभं राहिल्यावर १४ चं टोक ज्या हाताला, त्याच बाजूला १४ लिहितात. १४ चं टोक वायव्येला असतं, ३२ चं आग्नेयेला. १४ डावीकडे लिहिलंय, म्हणजे बघणाऱ्याचं तोंड ईशान्येला आणि तो पट्टीच्या नैऋत्य बाजूला उभा. मुंबईत ही सांताक्रूझच्या देशांतर्गत टर्मिनलची बाजू. तिथून निघालेलं विमान मुख्य ०९-२७ पट्टीच्या २७ च्या टोकाकडे जाताना १४-३२ ओलांडतं, त्याआधी थांबतं. आणि पलीकडे काय दिसायला हवं? सहारचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल. फोटोत धावपट्टीच्या पल्याड धुरकट हवेत परदेशी कंपन्यांच्या मोठ्या शेपट्यांची रांग होतीच. नागपूरला अशी रांग लागत नाही.

तर फोटो दाबोळीचा नाही, मुंबईचा. येतानाचा नाही, जातानाचा. आणि १९९८ चा नाही, २००५ च्या डिसेंबरनंतरचा. आई त्याआधी जाऊन आली होती. हे मी बारशातच, जरा मोठ्याने सांगितलं. दाजी म्हणाले, "पाट्या वाचून कोणी पायलट होत नाही." अहो, पायलटही चुकतात! १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं. जुहूची ०८-२६ आणि सांताक्रूझची ०९-२७, दोन्ही जवळजवळ एकाच दिशेच्या आणि शेजारी शेजारी. जुहूची पट्टी आखूड, विमान पुढे निघून गेलं आणि मोडीत निघालं. म्हणून म्हणतो, आकडा वाचा.

तुमच्या फोटोंबद्दल राहिलंच. धावपट्टीवरच्या खुणा पांढऱ्या असतात, टॅक्सीवेवरच्या पिवळ्या, त्यामुळे विमान नक्की कुठे होतं ते कळतं. अमेरिकेत एका अंकी धावपट्टीला नुसतं ९ रंगवतात, आपल्याकडे आणि बहुतेक जगात ०९. नातेवाईक अमेरिकेत असतील तर हा शून्य आधी शोधा.

आणि हो, आकड्यांवरही डोळे झाकून विसंबू नका. चुंबकीय उत्तर सरकत राहते, म्हणून कधीकधी पट्टीचा नंबरच बदलतात. लंडनजवळच्या स्टॅनस्टेडला २००९ मध्ये ०५-२३ ची ०४-२२ झाली. तिथला जुना फोटो आजच्या नकाशाशी ताडून बघितलात तर फसाल. काही कंपन्या मुद्दाम जुन्या रंगात एखादं विमान रंगवतात, त्यामुळे शेपटी एकटी दिसली तर पोटाजवळचा किंवा शेपटीजवळचा नोंदणी क्रमांक शोधा, भारतीय विमानाचा 'व्हीटी'ने सुरू होतो. स्लाइड उलटी छापली गेली असेल तर डावं-उजवं बदलतं. अक्षरं दिसत असली की ते लगेच कळतं, नुसतं पंख आणि ढग असतील तर नाही. आणि नवे फोटो काढणार असाल तर पुणे, दाबोळी हे संरक्षण दलांचे तळ आहेत, तिथे जमिनीवर असताना कॅमेरा खाली ठेवा.

तुमचे फोटो स्कॅन करताना कडा कापू नका. आमच्या फोटोत ती पाटी अगदी कडेलाच होती. दाजींनी फ्रेम करायला म्हणून तो फोटो नेला होता, आणि परवा भिंतीवर पाहिला तर डावी बाजू फ्रेमवाल्याने बरोबर बोटभर कापलेली. फ्रेमवाल्यानेच, असं ते म्हणतात.