शाळेला नवा मोबाइल नंबर कळवताना

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे लिहा. मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि जनरल रजिस्टर क्रमांक आधीच द्या. एकाच नावाची दोन मुलं असतात, तेव्हा लिपिक याच क्रमांकावरून नोंद शोधतात. तो प्रगतिपुस्तकावर मिळेल.

नवखे पालक बहुतेकदा फक्त नवा नंबर लिहितात. मग तो जुन्याशेजारी जोडला जातो आणि निरोप जुन्यावरच जात राहतात. म्हणून स्पष्ट लिहा: "वडिलांचा जुना क्रमांक अमुक बंद झाला आहे. तो काढून त्या जागी नवा क्रमांक तमुक नोंदवावा. आईचा क्रमांक पूर्वीचाच ठेवावा." हे शेवटचं वाक्य मला फार गरजेचं वाटतं, नाहीतर दोन्ही नंबर बदलले जाऊ शकतात. आकडे सुटे, ठळक काढा; घाईत १ आणि ९ सारखेच दिसतात.

नंबर एकाच ठिकाणी नसतो. कार्यालयाची नोंद, यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरची माहिती, वर्गशिक्षकांची वही, स्कूलबसवाल्याची यादी, सगळं वेगळं. पहिल्या दोन्हींचा उल्लेख अर्जातच करा. वर्गशिक्षकांना आणि बसवाल्याला मात्र स्वतः सांगा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. पुढचा शाळेचा मेसेज नव्या नंबरवर आला नाही, तर तीच प्रत घेऊन कार्यालयात जा.