तोंडी नकारावर अपील करता येत नाही

प्रश्न : मी २६ वर्षांची, मूळची मिरजेची, मुस्लिम. तो २८ वर्षांचा, लिंगायत, बार्शीचा. दोघंही पुण्यात नोकरी करतो. विशेष विवाह कायद्याखाली ९ जूनला पुण्यात नोटीस दिली. तिची प्रत सांगलीच्या कार्यालयात लागली आणि घरी कळलं. २ जुलैला माझ्या चाचांनी पुण्याच्या कार्यालयात पत्र दिलं की मुलीला फूस लावली आहे, घरच्यांची संमती नाही. क्लार्क म्हणाला, "हरकत आलीय, आधी घरी मिटवून या." अब्बा म्हणतात दिवाळीपर्यंत थांब, मग बघू. मे महिन्यात ईदला मी आठवडाभर मिरजेत होते, त्यामुळे नोटीसच चुकीची आहे असंही चाचा म्हणतात. घरून मिसिंगची तक्रार देण्याची धमकी आहे. आम्ही थांबावं का?

उत्तर : तुमचा मेल १८ ऑगस्टचा. छापून येईपर्यंत उशीर झाला असता, म्हणून तुम्हाला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो. याच वळणाची पत्रं दर महिन्याला येतात. नावं आणि जिल्हे तेवढे बदलतात.

थांबू नका. तुमची नोटीस ९ सप्टेंबरला मरते. विशेष विवाह कायद्याचं कलम १४ सांगतं की नोटीस दिल्यापासून तीन कॅलेंडर महिन्यांत लग्न लागलं नाही, तर नोटीस आणि त्यावरची सगळी कारवाई रद्द समजली जाते. मग नवी नोटीस, पुन्हा सांगलीला आणि सोलापूरला प्रत, पुन्हा ३० दिवस आणि पुन्हा चाचांचं पत्र. अब्बांनी "दिवाळीपर्यंत थांब" म्हटलं तेव्हा त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. प्रेमानं म्हणाले असतील. पण त्यांना कुणी वकिलानं सल्ला दिला असेल, तर तो सल्ला चांगला होता.

२ जुलैपासून १८ ऑगस्टपर्यंत तुम्ही काय केलंत, हे फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही गप्प झालात. दीड महिना कुणी समजूत काढतं का याची वाट पाहण्यात गेला. कायद्यात त्या दीड महिन्याला किंमत होती.

आता हरकतीकडे येतो. कलम ७ प्रमाणे हरकत कुणीही घेऊ शकतं, पण कारण एकच चालतं : लग्नानं कलम ४ मधल्या एखाद्या अटीचा भंग होतो. त्या अटी अशा की दोघांपैकी कुणाचाही जोडीदार हयात नसावा, दोघंही संमती देण्याच्या मनःस्थितीत असावेत, मुलगा २१ आणि मुलगी १८ वर्षांची पूर्ण असावी, आणि दोघं एकमेकांच्या निषिद्ध नात्यात नसावेत. घरच्यांची संमती त्यात कुठेही नाही. "फूस लावली" हा आरोप फार तर तुमच्या संमतीबद्दल आहे. २६ वर्षांची कमावती मुलगी अधिकाऱ्यासमोर उभी राहून "मला याच्याशी लग्न करायचंय" म्हणाली की त्यात उरतं काय?

खरी अडचण मला वेगळीच दिसते. चाचांच्या पत्राची कायदेशीर हरकत झाली आहे का, हेच तुम्हाला माहीत नाही. कायद्याप्रमाणे हरकतीचं स्वरूप नोटीस बुकात लेखी नोंदवावं लागतं, हरकत घेणाऱ्याला गरज पडल्यास ते वाचून समजावावं लागतं आणि त्याची सही घ्यावी लागते. नुसतं पत्र टेबलावर ठेवून गेल्यानं हे होत नाही. आणि ते नोटीस बुक कुणालाही, फुकट, कामाच्या वेळेत बघता येतं. कलम ६ मध्ये तसं लिहिलंय. तुम्ही ते मागितलं नाहीत, क्लार्कच्या वाक्यावर घरी परत आलात.

उद्या सकाळी दोघं मिळून जा, नोटीस बुक बघा आणि हा अर्ज दोन प्रतींत द्या. भाषा साधी ठेवा :

"आम्ही दि. ९ जून रोजी दिलेल्या नोटिशीवर कलम ७ खाली कोणतीही हरकत नोटीस बुकात नोंदवली आहे काय? असल्यास ती कलम ४ मधील कोणत्या अटीबाबत आहे, हे कळवावे व हरकतीची प्रत द्यावी. कलम ८ मधील ३० दिवसांची मुदत संपली असल्याने हरकतीवर लेखी आदेश करावा. हरकत नसल्यास विवाहासाठी ८ सप्टेंबरपूर्वीची तारीख द्यावी."

दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आवक नाही म्हणाले तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा.

हा कागद एवढा महत्त्वाचा का, ते सांगतो. कलम ८ नं अधिकाऱ्याला चौकशीसाठी हरकतीच्या तारखेपासून ३० दिवस दिले आहेत. तुमच्या बाबतीत ते १ ऑगस्टला संपले. त्यानं हरकत मान्य करून लग्न लावायला नकार दिला, तर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. आणि असं अपील दाखल झालं, की कलम १४ चे तीन महिने अपिलाच्या निकालापासून मोजतात. म्हणजे लेखी नकार तुमची नोटीस जिवंत ठेवू शकतो. "मिटवून या" हा तोंडी नकार मात्र तिला गुपचूप मारतो, कारण त्यावर अपीलच होत नाही. अर्जाला उत्तर "हरकत फेटाळली" असो की "मान्य केली", दोन्हींचा तुम्हाला उपयोग आहे. उत्तरच न येणं परवडणारं नाही. लेखी नकार आला तर अपील करायला ३० दिवस आहेत म्हणून बसून राहू नका, ९ सप्टेंबरच्या आत दाखल करा.

अर्ज देऊन चार दिवसांत काहीच हललं नाही, तर उच्च न्यायालयात रिट हा मार्ग उरतो. कार्यालय पुण्याचं असल्यामुळे ते मुंबईला. सांगली, सोलापूर हे जिल्हे २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत, त्यामुळे कुणी तिकडे पाठवलं तर फेरा पडेल. रिट वेळेत बोर्डावर येईल की नाही, हे मी छातीठोक सांगणार नाही. मुंबईत तातडीचं प्रकरण दाखवूनही आठवडा सहज जातो, म्हणूनच आज २० तारखेला मी तुमच्यावर रागावतोय.

अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये साफिया सुलताना प्रकरणात म्हटलं, की नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्यानं ठरवावं. तो निकाल उत्तर प्रदेशातला. त्याचा हवाला तुमचा वकील मुंबईत देईल, पण पुण्याच्या खिडकीवर त्याची झेरॉक्स दाखवून नोटीस बोर्डावरची प्रत निघणार नाही.

ईदच्या आठवड्याचं म्हणाल, तर कलम ५ मध्ये दोघांपैकी एकजण नोटिशीच्या आधी सलग निदान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असावा, एवढंच आहे. दोघंही नाही. तुमचा होणारा नवरा १० मे ते ९ जून पुण्यात होता ना? मग तुमची मिरजेची फेरी मुद्द्याचीच नाही. त्याचा भाडेकरार, पगारपत्रक आणि ऑफिसची हजेरी फाईलमध्ये ठेवा. शिवाय वास्तव्याचा मुद्दा कलम ४ मध्ये नाही, त्यामुळे माझ्या मते तो कलम ७ ची हरकतच होत नाही. तरी अधिकारी विचारतात, म्हणून कागद हवेत.

तुम्ही मेलच्या शेवटी "एक एजंट एका दिवसात कोर्ट मॅरेज करून देतो" असंही विचारलंत. एका दिवसात होतं ते कोर्ट मॅरेज नसतं. तो तुम्हाला कुठेतरी धर्म बदलल्याचा कागद करून हिंदू पद्धतीनं लग्न लावेल किंवा त्याचा उलटा प्रकार. हिंदू विवाह कायदा दोघंही हिंदू असतील तरच लागतो. न पटणाऱ्या धर्मांतरावर उभं केलेलं लग्न पुढे तुमचेच नातेवाईक कोर्टात हलवतील. धर्मांतराचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलतही आहेत. त्या वाटेला जाऊ नका.

मिसिंगची तक्रार येण्याआधी तुम्हीच हालचाल करा. तुम्ही राहता त्या पुण्यातल्या पोलीस ठाण्यात सही-तारखेसह निवेदन द्या : मी सज्ञान आहे, स्वेच्छेनं इथे राहते, लग्न माझ्या मर्जीनं करतेय, मला कुणी पळवलेलं नाही. एक प्रत पोलीस आयुक्त कार्यालयाला, एक मिरजेच्या पोलीस ठाण्याला पोस्टानं. मिरजेहून कुणी अंमलदार फोन करून "इथे येऊन जबाब द्या, केस बंद करतो" म्हणाला, तर जाऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे स्त्रीला जबाबासाठी राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या एका प्राध्यापिकेला पोलिसांनी मिसिंगच्या तक्रारीवरून असंच ठाण्यात यायला सांगितलं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो गुन्हा रद्द केला, तपास अधिकाऱ्याला फैलावर घेतलं आणि दोन सज्ञान माणसांनी ठरवल्यावर कुटुंबाच्या किंवा जमातीच्या संमतीची गरज नाही, असं पुन्हा सांगितलं. धमकी प्रत्यक्ष मारहाणीची असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालाचा उल्लेख करून संरक्षण मागा. त्या निकालानं प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा असं सांगितलंय. तो कक्ष किती धावून येतो, हे ठाण्यावर अवलंबून.

जमिनीचं थोडक्यात. या कायद्याखाली लग्न केल्यावर तुमचा नवरा एकत्र कुटुंबातून विभक्त समजला जाईल. त्याचा अर्थ बार्शीच्या वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा गेला असा नाही. तुमचा अब्बांच्या मालमत्तेतला हक्कही केवळ या लग्नानं जात नाही. नेमका हिस्सा किती, हे सातबारा आणि कागद बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. पाच ठरवून ठेवा. मागच्या वर्षी माझ्या एका अशिलाचा तिसरा साक्षीदार सकाळी दहाला फोन बंद करून बसला. शेवटी कार्यालयाबाहेर चहा पीत असलेला, दुसऱ्याच जोडप्याबरोबर आलेला एक मित्र आधारकार्ड घेऊन आत आला आणि त्यानं सही केली. साक्षीदारांच्या मूळ ओळखपत्रांबरोबर तुमचा जन्माचा पुरावाही लागेल. तुमचा दाखला मिरजेच्या कपाटात आहे म्हणालात. दहावीचं प्रमाणपत्र डिजिलॉकरवरून काढा आणि कार्यालयाला ते चालतं का, हे अर्ज देतानाच विचारून घ्या. नाहीतर जन्माच्या दाखल्याची नक्कल ज्या पालिकेत नोंद आहे तिथून मागवा. त्यासाठी तुम्ही स्वतः मिरजेला जाऊ नका, एखाद्या मैत्रिणीला पाठवा.

चाचांची हरकत अवाजवी आणि वाईट हेतूची ठरली तर अधिकारी त्यांना भरपाई म्हणून जास्तीत जास्त १,००० रुपये खर्च लावू शकतो. १९५४ चा आकडा आहे, अजून तोच. तो मागत बसू नका, तारीख मागा.